दिल्ली एम्स: मेट्रोतून बाहेर पडल्यावर ओपीडीपर्यंत कसं जायचं?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळचे. बाबांना (वय ७१) दिल्लीच्या एम्समध्ये दाखवायचं आहे. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळाली आहे, गुरुवारी सकाळची. आदल्या दिवशी गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरणार आणि लाजपतनगरला मावसभावाकडे मुक्काम करणार. भाऊ नेमका त्या आठवड्यात बाहेरगावी आहे, त्यामुळे हॉस्पिटलला मी आणि बाबा दोघंच जाणार. दिल्ली मी याआधी पाहिलेलीच नाही.

मेट्रोचा नकाशा बघून स्टेशनपर्यंतचं समजलं. प्रश्न त्यापुढचा आहे. नकाशावर स्टेशन भर रस्त्याखाली दिसतं आणि आजूबाजूला सगळीकडे मोठे रस्ते, उड्डाणपूल. बाबा काठी घेऊन चालतात, थोडं चाललं की थांबावं लागतं. पळत रस्ता ओलांडणं शक्यच नाही. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, रस्ता कुठे ओलांडायचा, कुठे ओलांडायचाच नाही, हे कोणी अनुभवी सांगेल का?

वैनगंगा

ताई, एम्स एकदम सोपं आहे. ऑरेंज लाइनने खापरीला उतरा, तिथून मिहानमध्ये ऑटोने जायचं. मोकळे रस्ते आहेत, गर्दी काही नाही. आम्ही सासऱ्यांना तिथेच दाखवतो.

तापीकाठची

दादा, ते नागपूरचं एम्स झालं. मी दिल्लीचं विचारतेय :)

वैनगंगा

अरेच्चा, शीर्षक नीट वाचलंच नाही. पण भुसावळहून नागपूर जवळ पडलं असतं, एवढं म्हणून थांबतो.

फिरस्ता

लाजपतनगरहून पिंक लाइन पकडा. पुढचं स्टेशन साउथ एक्स्टेन्शन, त्यापुढचं दिल्ली हाट आयएनए. तिथे खरं तर यलो लाइनला बदलायचं असतं, पण एकाच स्टेशनसाठी कशाला बदलता? आयएनए ते एम्स नकाशावर जेमतेम किलोमीटरभर आहे. वर या आणि सरळ दक्षिणेला चालत सुटा. गाडी बदलताना आतल्या आतच केवढं चालावं लागतं, ते तरी वाचेल.

करोलबागकर

फिरस्ता, आयएनएला आत भरपूर चालावं लागतं हे तुमचं बरोबर. पण पायी जाण्याचा सल्ला काठीवाल्या माणसाला देऊ नका. आयएनए आणि एम्सच्या मधून रिंग रोड आडवा जातो. त्या चौकात सिग्नल नाही, उड्डाणपूल आणि गोल फिरणारे रॅम्प आहेत. सिग्नल नाही म्हणजे गाड्या कधी थांबतच नाहीत. माणसाने ओलांडावं अशी फट त्या वाहतुकीत मिळत नाही आणि वळणावरून येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मी नोकरीनिमित्त वीसेक वर्षं दिल्लीत आहे, तरी तो चौक पायी ओलांडायला जात नाही.

ताई, त्या चौकाची खूण लक्षात ठेवा. तिथे हिरवळीवर स्टीलचे मोठे चकचकीत कोंब उभे केलेले आहेत, जमिनीतून अंकुर फुटावेत तसे. एम्स स्टेशनातून बाहेर आल्यावर ते कोंब जवळ यायला लागले तर तुम्ही उलट्या दिशेला चाललात. तिथून माघारी फिरा.

तर आयएनएला यलो लाइनला बदला. फलाटावर पाटी बघायची ती मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्रामची. एखादी गाडी कुतुबमिनारपर्यंतच असते, तीही चालेल. पुढचंच स्टेशन एम्स.

आता मुख्य गोष्ट. स्टेशन श्री अरबिंदो मार्गाच्या खाली आहे. रस्त्याच्या पूर्वेला एम्स आणि पश्चिमेला सफदरजंग हॉस्पिटल, अगदी समोरासमोर. स्टेशनला दोन्ही बाजूंना दारं आहेत. म्हणजे अरबिंदो मार्ग वरून ओलांडायची गरजच नाही, बाजूची निवड खालीच करायची. तिकिटाच्या फाटकातून बाहेर आल्यावर लगेच जिना चढू नका. तिथे थांबून वरच्या पाट्या वाचा. गेटचा आकडा पाठ करून जाऊ नका. बाणाशेजारी ‘एम्स’ लिहिलंय की ‘सफदरजंग अस्पताल’, एवढं बघा.

आणि सगळ्यात आधी एक सांगा, अपॉइंटमेंटच्या कागदावर विभाग कुठला आणि इमारत कुठली लिहिली आहे?

तापीकाठची

विभाग मेडिसिन. खाली राजकुमारी अमृत कौर ओपीडी असं काहीतरी आहे. ते एम्सच्या आतच असेल ना?

करोलबागकर

आहे एम्सचंच, पण तुम्ही समजताय तिथे नाही. यावरच बहुतेक लोक चुकतात.

ओपीडीची ही नवी इमारत मशीद मोठ कॅम्पसमध्ये आहे. मेट्रोतून वर आल्यावर समोर दिसतो तो जुना, मुख्य कॅम्पस. मशीद मोठ त्याच्या मागे, पलीकडे, मेट्रोपासून किलोमीटरभर तरी लांब. याउलट हृदय आणि मेंदूच्या विकारांचं केंद्र, डोळ्यांचं आर. पी. सेंटर, कॅन्सरचं केंद्र, दातांचं, ही सगळी मुख्य कॅम्पसात आणि त्यांच्या ओपीडी त्यांच्याच इमारतींत. म्हणून ‘एम्सला जायचंय’ हे पुरेसं नाही. शेजारच्याचा भाऊ आर. पी. सेंटरला गेला असेल तर त्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

मोबाइलच्या नकाशात नुसतं `AIIMS` टाकलंत तर पिन मुख्य कॅम्पसच्या मधोमध पडते. `Raj Kumari Amrit Kaur OPD` असं पूर्ण टाका.

मालती_पु

आमचाही अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी भाच्याला अपघात झाला, फोनवर कळलं ‘एम्समध्ये नेलंय’. आम्ही दोघी मेट्रोने एम्सला उतरलो आणि मुख्य इमारतीत वेड्यासारख्या फिरलो. कोणालाच त्याचं नाव सापडेना. शेवटी एका नर्सने सांगितलं, अपघाताचे पेशंट ट्रॉमा सेंटरला असतात, ते इथे नाही. भर दुपारची वेळ, मे महिना. तहान, भूक, रडू, सगळं एकदम आलं होतं. त्यामुळे ताई, आधी नीट विचारून घ्या बाई.

करोलबागकर

मालतीताई, भाचा आता बरा असेल अशी आशा. तुम्ही म्हणता ते अगदी खरं. ट्रॉमा सेंटर रिंग रोडवर आहे, सफदरजंगच्या पुढे. नावात एम्स असलं तरी मेट्रोतून पायी जाण्याची ती जागा नाही. तिथे थेट टॅक्सीने किंवा ऑटोनेच जावं.

संगणकसखाराम

अपॉइंटमेंट ors.gov.in वरूनच काढली आहे ना? कारण स्टेशनच्या तोंडाशी ‘नंबर लावून देतो’ म्हणणारे भेटतात. कागद बघायला मागतात, मग हातातच ठेवतात. कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही.

तापीकाठची

हो, तिथूनच काढली आहे. बरं झालं सांगितलंत, कागदाची अजून एक प्रत काढून ठेवते.

करोलबागकर दादा, मग एम्सच्या बाजूने वर आल्यावर तो किलोमीटर कसा कापायचा? बाबांना एवढं चालवणार नाही. आणि मेट्रोत व्हीलचेअर मिळते का?

करोलबागकर

व्हीलचेअरचं आधी सांगतो. मेट्रोत मिळते, मागायची मात्र आपण. लाजपतनगरला आत शिरल्यावर ग्राहक सेवा खिडकीवर सांगा की वडिलांना एम्सपर्यंत मदत हवी, मधे आयएनएला गाडी बदलायची आहे. त्यांचा माणूस फलाटापर्यंत सोडतो आणि पुढच्या स्टेशनला कळवतो. आयएनएला हे फार उपयोगी पडतं, कारण पिंकचे फलाट खोल आहेत आणि यलोपर्यंतचं अंतर बरंच आहे. पण ती खुर्ची स्टेशनची, ती बाहेर नेता येत नाही. हॉस्पिटलची खुर्ची हॉस्पिटलच्या दारात मिळणार. मधला जो तुकडा आहे, मेट्रोच्या दारापासून ओपीडीच्या दारापर्यंत, तिथे खुर्ची नाही. तुमची खरी अडचण तेवढीच आहे.

त्यासाठी दोन मार्ग. एक म्हणजे कॅम्पसमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, पेशंटना मेट्रोच्या बाजूने नव्या ओपीडीकडे नेतात. सकाळी रांग असते. दुसरा मार्ग ऑटो किंवा ई-रिक्षा. इथे बाजू पुन्हा महत्त्वाची. एम्सच्या बाजूने पकडलीत तर ऑटो दक्षिणेला जाऊन डावीकडे आत वळते, मधे यू-टर्न येत नाही. सफदरजंगच्या बाजूने पकडलीत तर ती आधी उत्तरेला पळणार, मग वळसा घालून परत येणार. तेवढ्यात पैसे आणि वेळ दोन्ही जास्त. आणि चालकाला ‘एम्स’ म्हणू नका. तो म्हणेल, मॅडम, एम्स तो सामने है. ‘मस्जिद मोठ, नई ओपीडी’ असं म्हणा.

फिरस्ता

पण बाजू चुकली हे कळणार कसं? वर आल्यावर मोबाइलला दिशा सापडायला मिनिटभर लागतो. जमिनीखालून आलं की निळा ठिपका हमखास रस्त्याच्या पलीकडे दिसतो. मी एकदा त्याच्यावर विसंबून भलत्याच बाजूला चालत गेलो होतो. दोन्हीकडे हॉस्पिटल, दोन्हीकडे औषधांची दुकानं, दोन्हीकडे माणसांची रेटारेटी. नवख्याला काय कळतंय?

करोलबागकर

हा प्रश्न चांगला आहे. बसकडे बघायचं. आपण डावीकडून गाड्या चालवतो, म्हणून पूर्वेच्या म्हणजे एम्सच्या कडेने जाणाऱ्या गाड्या दक्षिणेला जातात. तुमच्या अगदी जवळून जाणाऱ्या बसवर महरौली, हौज खास, ग्रीन पार्क अशी पाटी असेल तर तुम्ही एम्सच्या बाजूला आहात. जवळची बस आयएनएकडे निघालेली असेल तर सफदरजंगच्या बाजूला आलात. मोबाइल बाजूला ठेवा, दोन बस जाऊ द्या, उत्तर मिळतं.

आणि चुकलात तर दुभाजकाकडे धावू नका. लोक धावतात, लोखंडी कठड्याच्या फटीतून मुलं पलीकडे देतात, मी रोज बघतो. तुम्ही परत खाली उतरा, तिकिटाच्या फाटकाबाहेरच्या मोकळ्या भागातून पलीकडच्या जिन्याला जा. त्याला तिकीट लागत नाही, तपासणीही नाही, कारण तपासणी फाटकाच्या अलीकडे, आत जाणाऱ्यांची असते.

मालती_पु

खाली-वर करायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जिने आलेच की! बोलायला सोपं आहे.

करोलबागकर

मान्य, ताई. म्हणून लिफ्टचं आधी विचारून घ्यायचं. भूमिगत स्टेशनात लिफ्टचे दोन टप्पे असतात. पहिली फलाटावरून तिकिटाच्या मजल्यापर्यंत, ती फाटकाच्या आत. दुसरी तिथून रस्त्यापर्यंत, ती फाटकाच्या बाहेर. ही दुसरी प्रत्येक दाराला नसते. ती जिथे उघडते ती तुमची बाजू ठरते, तुम्हाला हवी असो वा नसो. फाटकातून बाहेर पडण्याआधी खिडकीवर विचारा, ‘एम्स की तरफ की लिफ्ट चालू है क्या?’

यूपीएससीवाला_विदर्भ

मी युसूफ सरायमध्ये राहतो, रोज तिथून जातो. माझ्या माहितीप्रमाणे लिफ्ट सफदरजंगच्या बाजूला आहे. एम्सच्या बाजूला मी तरी वापरलेली नाही.

संगणकसखाराम

आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हा एम्सच्या बाजूच्याच लिफ्टने वर आलो, असं बायको शपथेवर सांगतेय. मी सामान घेऊन जिन्याने होतो, त्यामुळे साक्षीदार नाही.

यूपीएससीवाला_विदर्भ

वहिनींशी वाद नाही :) त्या दिवशी विचारलेलंच बरं.

अजून एक गोष्ट ताई. सकाळी लवकर गेलात तर दाराबाहेरचा फुटपाथ अर्धाच मिळेल. लांबून आलेले पेशंट आणि नातेवाईक तिथे रात्री झोपतात. चादरी, डबे, सलाइनची पिशवी हातात धरून बसलेली माणसं. काठी टेकायला जागा शोधावी लागते. लोक मग कंटाळून फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालायला लागतात, आणि तिथेच मागून ई-रिक्षा घुसते. वडिलांना भिंतीच्या बाजूला ठेवा, तुम्ही रस्त्याच्या बाजूला.

फिरस्ता

मग मी म्हणतो ग्रीन पार्कलाच उतरावं, एम्सच्या पुढचं स्टेशन. मशीद मोठ तसं दक्षिणेलाच आहे. तिथून ऑटो करायची, गर्दीचा प्रश्नच नाही.

करोलबागकर

हे मात्र अगदीच चुकीचं नाही. गर्दी कमी, ऑटो मिळते. पण बॅटरीच्या गाड्या तिथे नाहीत आणि उलट येताना गौतमनगरच्या गल्ल्यांत ऑटो अडकते. सकाळची वेळ ठरलेली असताना मी तो जुगार खेळणार नाही. परतीला करून बघायला हरकत नाही.

मालती_पु

एवढ्या भानगडीपेक्षा लाजपतनगरहून सरळ टॅक्सी करा ना. रिंग रोडनेच तर यायचंय.

तापीकाठची

मालतीमावशी, मलाही तेच वाटत होतं. पण भाऊ म्हणतो सकाळी साउथ एक्स्टेन्शनला गाड्या तुंबतात आणि वेळेचा भरवसा नाही. जाताना मेट्रो, येताना टॅक्सी असं ठरवतेय. सगळ्यांचे आभार, जाऊन आल्यावर लिहीन.

तापीकाठची

जाऊन आलो. शनिवारी घरी पोचलो. उशीर झाला लिहायला.

लाजपतनगरला खिडकीवर सांगितलं, मुलगा लगेच खुर्ची घेऊन आला. आयएनएला दुसरा माणूस फलाटावर उभाच होता. बदलायला वेळ लागला, पण बाबांना एकही पायरी चढावी लागली नाही.

एम्सला मात्र बाबांनी ऐकलं नाही. खिडकीवरचा माणूस लिफ्टचं सांगायला दुसऱ्याला हाक मारत होता, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘मी काय मेलोय का, चल जिन्याने.’ त्यामुळे लिफ्टचा निकाल माझ्याकडून लागला नाही, माफ करा. मधल्या टप्प्यावर थांबत वर आलो. पाटी वाचूनच चढलो होतो, तरी वर आल्यावर खात्री वाटेना. मोबाइल आम्हाला सफदरजंगच्या अंगणात दाखवत होता. मग बसकडे बघितलं. पहिल्या बसची पाटी दिसलीच नाही, दुसरीवर महरौली वाचलं. बाबांना सांगितलं, बरोबर आहोत. ते म्हणाले, बस बघून हॉस्पिटल ओळखणारी तू पहिलीच.

फुटपाथ यूपीएससीवाला दादांनी सांगितला तसाच. एक बाई स्टोव्हवर चहा करत होती, तिच्या भांड्यापाशी बाबांची काठी अडली. तिने भांडं उचलून वाट करून दिली.

बॅटरीच्या गाडीला रांग होती. पहिली भरून गेली, दुसरीत बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. नव्या ओपीडीच्या दारात व्हीलचेअर मिळाली. तिथे आत लांबच लांब चालावं लागतं, खुर्ची नसती तर जमलं नसतं. वेळेच्या आधी पोचलो.

खरी फजिती परतीला झाली. ओपीडीच्या बाहेर ऑटोवाल्याला लाजपतनगर सांगितलं. तो म्हणाला, रिंग रोड जाम आहे, मेट्रोला सोडतो. सोडलं, पण सफदरजंगच्या बाजूला. मला वाटलं आता परत ओलांडायचं. मग लक्षात आलं की मेट्रोत शिरायला बाजूचा काय संबंध! कुठल्याही दाराने उतरा, खाली एकच स्टेशन आहे.

आता पुढची तारीख दिली आहे आणि त्याआधी एक तपासणी करायची आहे. तिचा कागद मुख्य कॅम्पसचा आहे. म्हणजे या वेळी बॅटरीच्या गाडीत बसायचं नाही ना?

करोलबागकर

नाही. या वेळी नव्या ओपीडीकडे गेलात तर उलट परत यावं लागेल. एम्सच्याच बाजूने वर या, पण कॅम्पसात शिरल्यावर कागदावरचं इमारतीचं नाव आणि मजला गेटवरच्या माणसाला दाखवून विचारा. तपासणीच्या खोल्या बदलत असतात, मागच्या पेशंटने सांगितलेल्यावर जाऊ नका. कागदावर काय लिहिलंय ते इथे टाका, मी त्या बाजूला गेलो तर बघून सांगतो.

यूपीएससीवाला_विदर्भ

आणि मी लिफ्ट बघून येतो. वहिनींचं खरं निघालं तर इथे जाहीर करेन.

संगणकसखाराम

बायको वाट बघतेय.